मामेभावाच्या पासबुकातले 1,166 रुपये

प्रश्न: माझा मामेभाऊ तीन महिन्यांपूर्वी पहिल्या नोकरीला लागला. बेसिक 14,000. दर महिन्याला पीएफचे 1,680 कापतात म्हणून तो वैतागलाय. कंपनीही तेवढेच भरते असं त्याला सांगितलं होतं, पण पासबुकात कंपनीचे 514 च दिसतात. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलायची आणि सगळे पैसे काढून घ्यायचे, असं त्याचं ठरलंय. मी स्वतः दोनच वर्षं नोकरी करतोय, पण घरात सगळे मलाच विचारतात. त्याला पत्र लिहून पीएफ म्हणजे काय आणि तो का महत्त्वाचा, हे नीट समजावायचंय. काय लिहू?

उत्तर:

पत्र लिहिताय ते उत्तम. फोनवर सांगायला गेलात तर दुसऱ्या आकड्यालाच तो "हो हो, कळलं" म्हणेल आणि विषय संपेल. कागदावरचे आकडे त्याला स्वतःच्या पासबुकाशी ताडून बघता येतील.

मी बावीस वर्षं पगारपत्रकं करते. नव्या मुलांना पीएफ समजावताना सुरुवातीला मी एक चूक वारंवार केली. मी व्याख्येपासून सुरुवात करायचे: 1952 चा कायदा, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तीची तरतूद. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला निवृत्ती हा शब्द ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येतं ते एवढंच की आपल्या पगारातून पैसे गेले आणि जेवढे यायला हवे होते तेवढे आले नाहीत. तुमच्या भावाला नेमकं हेच खुपतंय, म्हणून पत्रही तिथूनच सुरू करा.

त्याच्या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. पीएफ म्हणजे एकच डबा, त्यात दोघांनी पैसे टाकायचे आणि नोकरी सुटली की डबा उघडायचा, असं त्याला वाटतंय. प्रत्यक्षात ते पैसे दोन अगदी वेगळ्या ठिकाणी जातात. एक त्याचा पीएफ आणि दुसरी पेन्शन योजना. ते 1,166 कुठे गेले हे कळलं की नोकरी बदलताना सगळं काढून घेण्यात काय हातचं जातं, तेही त्याला कळेल.

आधी एक सांगते. मी पुढे जे लिहितेय ते तुमच्या भावाच्या परिस्थितीला लागू आहे. पहिलीच नोकरी, बेसिक 15,000 च्या आत, आणि कंपनी नेहमीप्रमाणे भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे, म्हणजे ईपीएफओकडे पैसे भरणारी. काही मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो, तिथे पासबुक आणि क्लेमचे मार्ग वेगळे असतात. आणि ज्याचं पहिल्याच नोकरीत बेसिक 15,000 च्या वर आहे, त्याचा हिशेबच वेगळा. सप्टेंबर 2014 पासून असा नवा माणूस पेन्शन योजनेत येत नाही, कंपनीचे सगळे बारा टक्के त्याच्या पीएफमध्येच जातात. हे तुमच्या भावाला लागू नाही, पण त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला असू शकतं. "त्याच्या पासबुकात कंपनीचे पूर्ण दिसतात, माझेच कमी का" हा प्रश्न मला दर वर्षी एक जण तरी विचारतो.

आता पत्राचा पहिला भाग. मी असा लिहीन:

"भावा, तुझं बेसिक 14,000. त्याचे बारा टक्के, म्हणजे 1,680, तुझ्या पगारातून जातात. कंपनीही 1,680 च भरते, तुला खोटं सांगितलेलं नाही. फक्त कंपनीच्या रकमेचे दोन तुकडे होतात. बेसिकच्या 8.33 टक्के, म्हणजे 1,166 रुपये, तुझ्या नावानं पेन्शन योजनेत जातात. उरलेले 514 तुझ्या पीएफमध्ये येतात. पासबुक पुन्हा उघड. तुझा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शन असे तीन रकाने आहेत. तू दुसऱ्या रकान्यावर थांबलास. तिसऱ्यात बघ, 1,166 तिथे आहेत."

एवढं वाचून तो पासबुक उघडेल. उघडलं की निम्मं काम झालं.

इथे एक मोह आवरा. "कंपनी तुला महिन्याला 1,680 फुकट देते" असं लिहू नका. बहुतेक ठिकाणी ऑफर लेटरमध्ये जो वर्षाचा एकूण आकडा असतो, त्यातच कंपनीचा हिस्सा धरलेला असतो. तो हुशार असेल तर ऑफर लेटर काढून तुम्हाला दाखवेल आणि मग पुढचं काहीच मानणार नाही. खरं ते लिहा: हे पैसे तुझ्याच मोबदल्याचा भाग आहेत, फक्त हातात न देता तुझ्या नावावर ठेवले जातात. आणि बेसिक 15,000 पर्यंत असलेल्याला पीएफ नको म्हणायची सोय नाही, तेव्हा एचआरशी त्यावरून हुज्जत घालू नकोस, हेही एका ओळीत सांगून टाका.

दुसरा भाग हे दोन डबे कसे चालतात याचा. लोक गडबडतात ते इथे, म्हणून इथे घाई करू नका.

पीएफचा डबा सोपा आहे. त्यात दर महिन्याला 1,680 अधिक 514, म्हणजे 2,194 रुपये पडतात. त्यावर सरकार दर वर्षी जाहीर करतं तो व्याजदर मिळतो. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी तो 8.25 टक्के होता. व्याज महिन्याच्या शिलकीवर मोजतात, पण खात्यात वर्षातून एकदाच जमा होतं, आणि तेही आर्थिक वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी. एप्रिल-मेमध्ये पासबुकात व्याजाची ओळ दिसली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. उशिरा आलं तरी हिशेब आधीच्या तारखेपासूनच धरलेला असतो.

पेन्शनचा डबा मात्र डबाच नाही. तिसऱ्या रकान्यातली रक्कम व्याजानं वाढत नाही. तिथे पैसे साठत नाहीत, नोकरीची वर्षं साठतात. पेन्शन ठरते ती अशी:

```
महिन्याची पेन्शन = पेन्शनपात्र पगार × सेवेची वर्षे / 70
```

पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांच्या पगाराची सरासरी, आणि त्याला 15,000 ची मर्यादा. भावाचं बेसिक आहे तिथेच राहिलं आणि त्यानं दहा वर्षं भरली, तर 14,000 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे 58 व्या वर्षापासून महिन्याला 2,000. पस्तीस वर्षांची सेवा धरली गेली आणि पगार मर्यादेला टेकला तर 7,500. पूर्ण पेन्शन 58 नंतर, आणि ती मिळायला एकूण सेवा किमान दहा वर्षं हवी. ही दहा वर्षं एकाच कंपनीत व्हायला हवीत असं अजिबात नाही. चार कंपन्यांमधली मिळून चालतात, फक्त ती एकमेकांना जोडलेली हवीत.

पत्रात आकडे असे मांडलेत की तो स्वतःच विचारेल, "मग नोकरी बदलताना काढले तर?" तिसरा भाग त्यासाठी.

त्याच्या बेताची एक बाजू सरळ नियमाची आहे, ती आधी सांगा. एका कंपनीतून दुसऱ्या पीएफवाल्या कंपनीत जाणं हे पीएफ पूर्ण काढण्याचं कारणच होत नाही. पूर्ण रक्कम नोकरी नसलेल्यासाठी असते. पूर्वीपासून दोन महिने बेकारी ही अट होती, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं ती मुदत बारा महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. त्याच निर्णयात नोकरी गेल्यावर 75 टक्के रक्कम लगेच काढता येईल असंही ठरवलं. म्हणजे खरोखर नोकरी गेली तर हाताला पैसे लागतील याची सोय आहे. नोकरी चालू असताना आजारपण, घर, शिक्षण किंवा लग्नासाठी त्यातला काही भाग काढता येतो, त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. यातले तपशील वेळोवेळी बदलतात, म्हणून गरज पडेल तेव्हा ईपीएफओच्या पोर्टलवरचा त्या दिवसाचा नियम बघायचा, कुणाच्या आठवणीतला नाही. माझ्याही.

लोक तरीही नवी नोकरी धरून जुना पीएफ काढतात, हे मला माहीत आहे. तुमच्या भावाचे मित्रही त्याला हेच सांगत असणार. म्हणून त्याच्याच आकड्यांवर हिशेब करून दाखवा.

महिन्याला 2,194 प्रमाणे तीन वर्षांत 78,984 रुपये जमा होतील. व्याज 8.25 टक्क्यांवर स्थिर धरलं आणि पगार वाढलाच नाही असं मानलं, तरी तीन वर्षांनी खात्यात साधारण 89,000 असतील. हे पैसे काढले तर एक चांगला फोन आणि एखादी सहल. नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर केले आणि त्यात पुढे एक रुपयाही पडला नाही, तरी त्याच दरानं तीस वर्षांत ते साडेनऊ लाखांच्या थोडे वर जातात.

आता इथे थांबलात तर ते विमा एजंटाचं पत्र होईल. दर तीस वर्षं तोच राहील याची हमी कुणी देत नाही. महागाई सहा टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या त्या साडेनऊ लाखांची किंमत आजच्या हिशेबानं पावणेदोन लाखांच्या जरा खाली येते. म्हणजे दहापट नाही, खरी वाढ दुपटीच्या जवळपास. हे मी माझ्या भाच्याला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड पडलं होतं, पण पुढच्या वर्षी ट्रान्सफरचा फॉर्म त्यानं न सांगता भरला. आकडा फुगवला की लोक एकदा ऐकतात, दुसऱ्यांदा ऐकत नाहीत.

कराबद्दलही असंच. पाच वर्षं सलग सेवा व्हायच्या आत पीएफ काढला तर रक्कम करपात्र धरतात, आणि ती 50,000 किंवा जास्त असेल तर पॅन दिलेलं असताना दहा टक्के टीडीएस कापतात. 89,000 वर ते जवळजवळ 8,900 होतात. पण भावाचं एकूण उत्पन्न इतकं कमी आहे की त्याच्यावर बहुधा करच बसणार नाही, आणि विवरणपत्र भरलं की तो टीडीएस परत मिळेल. म्हणून कराची भीती घालू नका. ही पाच वर्षांची अट पुढे पगार वाढल्यावर बोचते. ट्रान्सफर केलं तर मात्र आधीच्या कंपनीची वर्षं त्या पाचात मोजली जातात, एवढं कानावर घालून ठेवा.

खरं नुकसान पेन्शनच्या बाजूला होतं. पीएफ काढायला फॉर्म 19 असतो आणि पेन्शनची रक्कम काढायला फॉर्म 10सी. मुलं दोन्ही एकदम टाकतात, कारण दोन्हीतून पैसे येतात. तीन वर्षांच्या पेन्शनच्या हिश्श्यापोटी ईपीएफओच्या तक्त्याप्रमाणे चाळीस हजारांच्या आसपास रुपये हातात पडतात आणि ती तीन वर्षं पुसली जातात. पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून.

माझ्या हाताखालून गेलेली एक केस सांगते. एक जण आमच्याकडे लागला तेव्हा आधीच्या कंपनीत त्याची सहा वर्षं झाली होती. नोकरीला लागताना फॉर्म 11 मध्ये "आधी पीएफ सदस्य होतात का" असा प्रश्न असतो. त्यानं "नाही" लिहिलं. जुन्या कटकटी नकोत, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्याला नवा यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा नंबर, पडला. एका माणसाचे दोन यूएएन झाले आणि जुनी सहा वर्षं एकटी पडली. वर्षभरानं घरात पैशांची नड आली तेव्हा त्यानं जुन्या यूएएनवर 19 आणि 10सी दोन्ही टाकले. पैसे आले. आमच्याकडे पाच वर्षं झाल्यावर तो पेन्शनची चौकशी करायला माझ्याकडे आला. अकरा वर्षं नोकरी झालेली होती, पण कागदावर पाच. जोडून ठेवली असती तर दहाची अट केव्हाच पार झाली असती. आता त्याला आणखी पाच वर्षं काढावी लागतील. मला सगळ्यात वाईट वाटलं ते याचं की त्याला फॉर्म 10सी मध्येच दुसरा पर्याय होता. पैसे न घेता स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, आणि ती वर्षं त्यावर जपून राहतात. त्याला तो पर्याय कुणी दाखवलाच नाही. जी नोकरी सुटल्यावर लगेच पीएफवाली दुसरी नोकरी मिळणार नाही, तिथे हे सर्टिफिकेट कामाचं.

भाऊ हिशोबी असेल तर एक शंका काढेल, आणि ती रास्त आहे. तीन वर्षांत पेन्शनमध्ये गेलेले साधारण 42,000 रुपये त्यानं काढून पस्तीस वर्षं आठ टक्क्यांनी ठेवले, तर त्यातून येणारं उत्पन्न त्या तीन वर्षांच्या पेन्शनपेक्षा जास्त होईल. कारण तीन वर्षांची पेन्शन म्हणजे 14,000 गुणिले 3 भागिले 70, म्हणजे महिन्याला फक्त 600. त्यात ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. हे सगळं खरं आहे आणि नाकारू नका. माझं उत्तर असं असतं: बावीस वर्षांत 10सी चे पैसे काढून ते पस्तीस वर्षांसाठी ठेवलेला माणूस मी पाहिलेला नाही. आणि या योजनेत फक्त म्हातारपणाची पेन्शन नाही. सदस्य नोकरीत असताना गेला तर त्याच्या बायको-मुलांना पेन्शन सुरू होते, त्याला दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. तेवीसाव्या वर्षी हे कुणाला महत्त्वाचं वाटत नाही. तीन वर्षांनी लग्न झालं की वाटायला लागतं.

ट्रान्सफर कसं करायचं, हा भाग पत्रात लांबवू नका, पण तीन ठिकाणी पाय अडकतो ते लिहा.

पहिलं, यूएएन आयुष्यभर एकच. नव्या कंपनीत फॉर्म 11 भरताना जुना नंबर द्यायचाच. यूएएनला आधार जोडलेलं आणि पडताळलेलं असेल तर नव्या कंपनीची पहिली वर्गणी पडल्यावर ट्रान्सफर बऱ्याचदा आपोआप सुरू होतं. नाही झालं तर पोर्टलवर `Online Services` मध्ये `One Member – One EPF Account (Transfer Request)` आहे, तिथून अर्ज टाकता येतो.

दुसरं, जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरलेली हवी. बहुतेक अडकलेले क्लेम मी इथेच अडकलेले पाहिलेत. माणूस गेला की त्याची तारीख भरायची आठवण कुणाला राहत नाही. भावाला सांगा, राजीनाम्यानंतर महिन्याभरानं पोर्टलवर `View` मधल्या `Service History` मध्ये डोकावायचं. तारखेची जागा रिकामी असेल तर आधी कंपनीला मेल करायचा. दोन महिने झाले तरी रिकामीच असेल तर `Manage` मधल्या `Mark Exit` मधून ती स्वतः भरता येते, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. पण शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे, त्याच महिन्यातली तारीख टाकायची. आणि जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख नव्या कंपनीच्या रुजू तारखेच्या पुढे गेली की दोन नोकऱ्या एकाच वेळी दिसतात आणि ट्रान्सफर लटकतं.

तिसरं, नाव. पीएफच्या नोंदीत आणि आधारवर नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळायला हवी. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लावायची पद्धत असल्यामुळे हा घोळ फार. एकीकडे तीन शब्दांचं नाव, दुसरीकडे दोन शब्दांचं. हे पहिल्या नोकरीतच, एचआर ओळखीचा असताना सुधारून घ्यायचं. सोडून गेल्यावर तोच एचआर फोन उचलत नाही.

ट्रान्सफर झाल्यावर भाऊ तुम्हाला पुन्हा घाबरून फोन करेल, ते आत्ताच लिहून ठेवा. नव्या खात्याच्या पासबुकात त्याचा आणि कंपनीचा हिस्सा आलेला दिसेल, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसेल. चोरी झालेली नाही. पेन्शनमध्ये पैसे नाही, वर्षं हलतात, आणि ती `Service History` मध्ये दिसतात. 1,166 ची गोष्ट त्याला आधी कळलेली असेल तर हे शून्य त्याला लगेच कळेल. नाहीतर कळणार नाही.

आता एक असं, जे पत्रात नसलं तर बाकी सगळं वाया. पगाराच्या स्लिपवर 1,680 कापलेले दिसणं आणि ते ईपीएफओकडे भरलेले असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीला एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. भावानं दर महिन्याच्या वीस-पंचवीस तारखेला पासबुक बघायचं, passbook.epfindia.gov.in वर किंवा उमंग ॲपमध्ये. नेट नसेल तर नोंदवलेल्या मोबाईलवरून 7738299899 ला असा मेसेज करायचा, उत्तर मराठीत येतं:

```
EPFOHO UAN MAR
```

एखादा महिना उशीर झाला तर मी लगेच आरडाओरडा करणार नाही, हिशेबखात्यातल्या माणसाची सुट्टीही त्यामागे असू शकते. सलग दोन महिने कापलेले दिसतात पण पासबुकात नाहीत, तर मात्र पगाराच्या स्लिपा जपून ठेवायच्या, कंपनीला लेखी विचारायचं आणि उत्तर नाही आलं तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, `EPFiGMS` वर, तक्रार टाकायची. कामगाराचा कापलेला हिस्सा न भरणं हा कायद्यानं विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो, नुसती दिरंगाई नाही. पण तक्रारीला बळ स्लिपमुळेच येतं, आणि स्लिप डाउनलोड करून ठेवायची सवय आजकालच्या मुलांना नाही. कंपनी सोडली की तिचं पोर्टल बंद होतं आणि सगळ्या स्लिपा त्याबरोबर जातात.

नॉमिनेशनचं दोन ओळींत उरका. पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरायचं, आत्ता आई-वडिलांचं. लग्न झालं की ते पुन्हा नव्यानं भरावं लागतं. पीएफबरोबर एक विमाही असतो, त्याचे पैसे कंपनी वेगळे भरते, तुमच्या भावाच्या पगारातून त्यासाठी काहीच कापत नाहीत. नोकरीत असताना सदस्य गेला तर त्यातून घरच्यांना जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. मी नॉमिनेशन नसलेली दोन प्रकरणं हाताळलीत. घरच्यांना कोर्टाच्या दाखल्यापासून सुरुवात करावी लागली, तेही तेराव्याच्या आत लोक विचारायला लागलेले असताना.

काय गाळायचं तेही सांगते. पीएफमध्ये जास्तीची ऐच्छिक रक्कम टाक, असा सल्ला आत्ता देऊ नका. जो 1,680 वर चिडलाय त्याला 3,000 टाक म्हणणं बरं नाही. त्याच्याकडे अडीअडचणीसाठी बँकेत दोन-तीन महिन्यांचा पगार साठला की मग बोला. कायद्याची कलमंही नकोत.

आणि पत्राच्या शेवटी मी एक मागणी घालीन: "हे वाचून झालं की पासबुकाच्या तीन रकान्यांचा फोटो आणि `Service History` चा फोटो मला पाठव. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते आपण दोघं मिळून बघू." हे दोन फोटो आले की तुम्हाला कळेल त्यानं पत्र शेवटपर्यंत वाचलं की नाही. आणि खरं सांगू का, पाठवायच्या आधी तुमचेही दोन फोटो काढून बघा. दोन वर्षं झालीत म्हणताय, मधे कंपनी बदलली असेल तर जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख आधी शोधा.